फोटो गेला, हातात फक्त पाकीट: गोळीची वेळ आणि मुदत कशी बघायची?

गेल्या आठवड्यात आमच्या एका ट्रॉलरवर घडलेली गोष्ट. खलाशाला साखरेची गोळी चालू. चिठ्ठी आणि पाकीट, दोन्हींचा फोटो त्याच्या मुलीने मोबाईलवर पाठवला होता. तो आपोआप पुसला गेला. खिशात उरल्या कापलेल्या पाकिटातल्या चार गोळ्या. तांडेलाने किनाऱ्याजवळ रेंज आल्यावर आम्हाला फोन केला, "सेक्रेटरी, ही कधी द्यायची? आणि चालते का अजून?"

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. गोळी दिवसात किती वेळा घ्यायची, हे पाकिटावर सहसा नसतेच. तिथे 'डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे' एवढेच इंग्रजीत छापलेले असते. नावापुढचा ५०० एमजी हा आकडा म्हणजे एका गोळीतले औषध, वेळ नव्हे. वेळ असते चिठ्ठीवर. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जेवणाआधी की नंतर, तेही तिथेच. म्हणून आम्ही अंदाज सांगितला नाही. घरी फोन करून मुलीकडून चिठ्ठी वाचून घेतली: १-०-१, जेवणानंतर. पाकिटाने मात्र एक उपयोगाची गोष्ट सांगितली. नावापुढे 'एसआर' होते. म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी. ती चावायची, फोडायची नाही, अख्खी गिळायची.

आता मुदत. ती पाकिटाच्या एका टोकाला असते, कधी शाईने, कधी नुसती दाबून उमटवलेली. बॅटरीचा उजेड आडवा धरला की अंक उठून दिसतात. तारखा दोन असतात. आधीची तयार केल्याची, नंतरची मुदतीची. मुदत ०३/२०२७ असेल तर गोळी मार्च महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते.

या खलाशाचे ते टोकच कापले गेले होते. अशा वेळी फार्मसीचे बिल काढा. त्यावर औषधाच्या नावासमोर बॅच नंबर आणि मुदत असते. उरलेल्या तुकड्यावर बॅच नंबर असेल तर बिलाशी जुळवा. त्याच्या तुकड्यावर बॅचची पहिली चार अक्षरे शिल्लक होती, ती जुळली. शिवाय घरी त्या औषधाचे दुसरे पाकीट नव्हते, आणि बिलावरची मुदत अजून बाकी होती. म्हणून गोळी त्याच बिलाची धरली. घरात जुनी-नवी पाकिटे मिसळली असतील आणि नंबरही गेला असेल, तर बिल कामाचे नाही. ती गोळी बाजूला ठेवून नवी घ्या.

मधल्या गोंधळात त्याची सकाळची गोळी चुकली होती. ती भरून काढायला रात्री दोन घ्यायच्या नाहीत. रात्रीची एकच घ्यायची, असे त्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले.

पुढच्या वेळी फार्मसीवाल्याला सांगा, "मुदत नसलेल्या टोकाकडून कापून द्या." गोळ्याही त्याच बाजूने काढत या. आणि समुद्रावर जाताना चिठ्ठी व बिल प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांसोबत ठेवा.