कानशिलं तापण्याच्या आधी

मिरज

चि. भाच्यास,


रविवारी ताईचा फोन आला. जेवताना तिनं परीक्षेचं विचारलं, तू ताट सरकवून उठलास, ‘तुला काही कळत नाही’ असं म्हणालास आणि खोलीचं दार आपटलंस. तासाभरानं बाहेर येऊन तिची माफी मागितलीस. ताईनं तक्रार केलेली नाही, उलट माफीचंच कौतुक तिनं दोनदा सांगितलं. त्यामुळे मामा काही तुला रागावायला बसलेला नाही. त्याला फक्त एक विचारायचं आहे. दार आपटलंस त्याआधीच्या दोन मिनिटांत तुझ्या अंगात काय काय झालं, ते आठवतं का? हे पत्र त्या दोन मिनिटांबद्दल आहे. मामाला स्वतःची ती दोन मिनिटं सापडायला वयाची शेहेचाळीस वर्षं जावी लागली.

आजोबांचं विसरणं वाढल्यापासून संध्याकाळी घरात काय चालतं, ते तू सुट्टीत पाहिलं आहेस. सारी नोकरी मिरज जंक्शनवर गेलेला माणूस. दिवेलागणीला ते खुर्ची दाराशी ओढतात आणि विचारतात, “महालक्ष्मी गेली का रे?” गाडी रात्रीची. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा पाच मिनिटांनी. एका संध्याकाळी सहाव्यांदा विचारल्यावर मामा त्यांच्यावर ओरडला. शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. आजोबा घाबरले आणि त्यांनी हात जोडले. वडिलांनी मुलापुढे हात जोडलेले मामानं त्या दिवशी पाहिले. घडलेलं पुढच्या दहा मिनिटांत आजोबा विसरले, मामा विसरला नाही.

मामाला वाटायचं, राग अचानक येतो. चूक कुठं आहे ते त्याला घरात कळलं नाही, कामावर कळलं.

तंबोऱ्याची जवारी काढताना तू त्याला पाहिलं आहेस. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं इतका हलका घासायचा, की तार त्याला नुसती पुसत जावी आणि नाद मोकळा व्हावा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. कानशीचा एक हात जास्त पडला, तर माथा बसतो आणि घोडी पुन्हा पहिल्यापासून घासावी लागते. त्या आठवड्यात लागोपाठ तीन घोड्या बिघडल्या. कारखान्यातले म्हातारे कारागीर जवळ येऊन बसले आणि म्हणाले, “अंगठा बघ तुझा.” कानस धरलेल्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. मनात आदल्या संध्याकाळचं भांडण चालू होतं आणि ते अंगठ्यात उतरलं होतं. मामाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्याच संध्याकाळी घरी पाय धुताना त्यानं पाहिलं, तांब्याही तसाच आवळून धरला होता. आजोबांनी तेव्हा पहिल्यांदाही विचारलेलं नव्हतं.

आपल्या भाषेत रागाचं शरीर फार बारकाईनं नोंदलेलं आहे. हात शिवशिवतात, कानशिलं तापतात, माणूस दातओठ खातो, तळपायाची आग मस्तकात जाते. फिनलंडमधल्या संशोधकांनी सातशे माणसांना शरीराची बाह्याकृती देऊन, कोणती भावना कुठं जाणवते ते रंगवायला सांगितलं होतं. तो अभ्यास २०१४ साली छापून आला. रागाच्या चित्रात डोकं, छाती आणि दोन्ही हात थेट बोटांपर्यंत पेटलेले दिसतात. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत बोटांचं तापमान मोजलं होतं. रागात ते भीतीपेक्षा जास्त चढलं. हात शिवशिवतात हे आपल्याकडे कुणी उगीच म्हटलेलं नाही.

पण या वाक्प्रचारांत मामाला एक अडचण दिसते. त्यातली बहुतेक लक्षणं उशिराची आहेत. आग मस्तकात पोचल्यावर ती कळून काय उपयोग? तळपायाशी असताना ती कशी दिसते, ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतं, कारण प्रत्येकाची जागा निराळी. ताईची मान आखडते. तुझ्या मामीचं बोलणं एकदम हळू आणि नेटकं होतं, तिला ओळखणारे तेव्हाच सावध होतात. मामाचा उजवा अंगठा. त्याच्यामागोमाग श्वास पोटातून छातीत चढतो आणि मनात ‘नेहमीच’ हा शब्द येतो: हे नेहमीच असं करतात. कानशिलं तापतात ती याच्याही नंतर. पहिल्या दोन खुणांना थांबणं सोपं जातं. कानशिलं तापल्यावर तोंड आपलं राहत नाही.

हे मामाला एका वहीतून कळलं. पंधरा दिवस त्यानं रोज रात्री चारच गोष्टी लिहिल्या: किती वाजले होते, शेवटचं कधी खाल्लं होतं, अंगात पहिल्यांदा काय जाणवलं, मग काय बोललो. उपदेशाचा एक शब्दही त्यात लिहिला नाही. भडका बहुतेक साडेसात ते सव्वाआठच्या मधला निघाला, चहाला तीन तास उलटल्यानंतरचा. दोन संध्याकाळी तर हाताला कंप आणि कपाळाला घाम होता. मामा मधुमेहाच्या गोळ्या घेतो. दुसऱ्या वेळी त्यानं बोट टोचून पाहिलं, तर साखर ६२. सत्तरच्या खाली ती कमीच समजतात, आणि साखर उतरली की माणूस चिडचिडा होतो. ती वही घेऊनच तो डॉक्टरांकडे गेला. गोळीची वेळ त्यांनी बदलून दिली. घरात शिरण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खायची सवय मामानं स्वतः लावून घेतली.

एवढ्यानं राग गेला असं समजू नकोस. खूण कळल्यावर करायचं काय, हा पुढचा प्रश्न होता, आणि तिथं मामा पहिल्यांदा चुकला. अंगठा आवळला की तो न बोलता उठायचा आणि गच्चीवर जाऊन जोरजोरात येरझाऱ्या घालायचा. खाली यायचा तो आणखी तापून. कारण पाय चालत होते तसं मनात भांडणही चालू होतं: ते असं म्हणतील, मग मी असं म्हणेन. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं २००२ साली सुमारे सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मामाला नंतर वाचायला मिळाला. आधी त्यांच्या निबंधावर बोचरी टीका करून त्यांना चिडवलं. मग काहींना टीका करणाऱ्याला मनात आणून पिशवीवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारे जास्त रागावलेले निघाले, शांत बसणारे कमी आक्रमक. राग बाहेर काढून टाकला की माणूस हलका होतो, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. उशी बदडून घे, असंही तुला कुणी सांगेल. ऐकू नकोस.

म्हणून आता गच्चीवर येरझाऱ्या नाहीत. मामा कुंड्यांजवळ बसतो. चार आकडे मोजत श्वास घेतो आणि सहा मोजत सोडतो. सोडायचा श्वास लांब हवा, त्यानं हृदयाची गती उतरते. पाच मिनिटं एवढंच. मग कुंडीतली पिवळी पानं काढणं, पाणी घालणं, असं काही, ज्यात डोळे आणि बोटं गुंततात. भांडणाचे संवाद मनात सुरू झाले की पुन्हा श्वास मोजायचा. ते सुरू होतातच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

आणि वेळ पुरेसा द्यायचा. जॉन गॉटमन हे अमेरिकेत सिॲटलला नवरा-बायकोंची भांडणं अभ्यासत. दोघांच्या अंगाला यंत्रं जोडून ठोके मोजत. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले, की समोरचा काय म्हणतो ते नीट ऐकूच येत नाही, असं त्यांना दिसलं. एकदा त्यांनी भांडण मध्येच थांबवून जोडप्यांना सुमारे अर्धा तास मासिकं वाचायला दिली. पुन्हा बोलायला बसले तेव्हा ठोके उतरले होते आणि बोलणंही निवळलं होतं. ‘दहापर्यंत आकडे मोज’ हे शब्द रोखायला पुरतं, पण शरीर निवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तीन मिनिटांत परत आलेला माणूस चेहऱ्यानं शांत असतो, आत तसाच तापलेला.

न बोलता उठून जाणं, ही मामाची दुसरी चूक. ती त्याला मुक्ताबाईमुळे कळली. लोकांनी संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं, ज्ञानेश्वर व्यथित होऊन झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली, ही परंपरेतली कथा तुला माहीत आहे. ताटीच्या अभंगांत मुक्ताबाई थोरल्या भावाची समजूत घालते, तीही बाहेर उभी राहून. मामाला त्या बाहेर उभ्या असलेल्या बहिणीचं फार वाटतं. दुखावलं परक्यांनी आणि बंद दारासमोर उभी राहिली घरची. आपण न सांगता उठून जातो, तेव्हा आपल्या लेखी ते थांबणं असतं, पण मागे राहिलेल्याला तो अबोला वाटतो. म्हणून मामा आता एकच वाक्य बोलून उठतो: “मी वर जाऊन येतो, अर्ध्या तासात येतो.” हे वाक्य मामीशी एका निवांत दुपारी आधीच ठरवलेलं आहे. ते ऐकलं की ती मागे येत नाही आणि आजोबांशी ती बोलते. मामा अर्ध्या तासात खाली येतो, बोलणं राहिलं असेल तर पुरं करतो. न परतता झोपून गेला, तर पुढच्या वेळी त्या वाक्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळं कुठवर पुरतं, तेही सांगायला हवं. हात उगारला जात असेल, वस्तू फेकल्या जात असतील किंवा तुझ्या पावलांचा आवाज ऐकून घरात कुणी गप्प होत असेल, तर वहीवर भागवायचं नाही. जाणकार माणसाची मदत घ्यायची. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. फोन विनामूल्य लागतो आणि मराठीत बोलता येतं. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही, पण दार आपटण्याच्या पुढची पायरी कोणती असते, ते मामाला ठाऊक आहे.

आता तुझं काम. आजपासून दहा दिवस वही लिही. चारच ओळी, त्याही फक्त अंगाबद्दल. ताईनं परीक्षेचं विचारण्याच्या आधी, ताटावर बसतानाच तुझा जबडा आवळलेला होता का, खांदे वर चढले होते का, ते बघ. मामाचा अंदाज आहे की तुझी खूण तिच्या प्रश्नाच्या आधीचीच निघेल. पण अंदाज त्याचा, अंग तुझं. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, आपण गच्चीवर बसून वाचू.

काल आजोबांनी नऊ वेळा विचारलं. मामा एकदा वर जाऊन आला. नवव्या वेळी त्यांच्या शेजारी बसून म्हणाला, “नाही गेली अजून. गेली की सांगतो.”

तुझा,
मामा