धुंगार आणि झाकणाची मुदत

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे गाव. तुरीचे वरण हे इथल्या पंक्तीचे मुख्य अन्न, आणि १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी अंमलाखाली असल्यामुळे, हैदराबादी मुदपाकखान्यात प्रचलित असलेला निखाऱ्याचा आणि तुपाचा धुंगार आमच्याकडील स्वयंपाकघरांना कधी परका वाटला नाही. या प्रकारात झाकण किती वेळ ठेवावे, या एकाच प्रश्नावर सारे यश अवलंबून असते, हे मला एका घरगुती पंक्तीत प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

त्या दिवशी स्वयंपाकाची तजवीज ज्यांच्याकडे होती त्यांनी काठोकाठ भरलेल्या पातेल्यात निखाऱ्याची वाटी ठेवली, तीत सढळ हाताने तूप ओतले आणि धूर कोंडल्याने वास अधिकच मुरेल या समजुतीने पाने वाढली जाईपर्यंत झाकण उघडलेच नाही. झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूस वाफेचे तपकिरी थेंब जमलेले होते आणि तेच वरणात ठिबकत होते. पहिल्या घासालाच जिभेच्या मागच्या भागावर काजळीसारखा कडवटपणा बसला. गूळ घातला, लिंबू पिळले, तरी तो हटेना. कारण गोड-आंबट चवीने धुराची चव झाकली जात नाही, ती केवळ पातळ करता येते. अखेर शेजारच्या चुलीवर शिजत असलेले साधे वरण दुप्पट प्रमाणात मिसळले, तेव्हा पंक्ती निभावली. धुंगार द्यावयाचा असेल तेव्हा थोडे वरण बाजूस काढून ठेवण्याचा आमचा दस्तूर त्या दिवसापासून सुरू झाला.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण पेटलेल्या कोळशाला स्वतःचा धूर जवळजवळ नसतो, कारण लाकडातील धूर देणारा अंश कोळसा पाडतानाच बहुतांशी निघून गेलेला असतो. वरणात उतरतो तो मुख्यतः निखाऱ्यावर जळणाऱ्या तुपाचा धूर. म्हणून तूप ताजे, कणीदार हवे, खवट झालेले मुळीच नको. झाकणाखाली हवा संपताच निखारा मंदावतो, दाट धूर पहिल्या एकदोन मिनिटांतच निघून जातो, आणि तो वरणात उतरल्यावरही झाकण तसेच ठेवले तर सुगंध वाढत नाही, कडवटपणाच वाढतो.

चौघांपुरत्या वरणास सुपारीहून थोडा मोठा असा बाभळीच्या लाकडाचा एक कोळसा पुरेसा होतो. रसायन मिसळून दाबून केलेल्या वड्या किंवा रॉकेल शिंपडून पेटवलेला कोळसा अन्नाजवळ आणू नये. कोळसा चिमट्यात धरून विस्तवावर फिरवीत राहावा. सर्व बाजूंनी लाल होऊन वर राखाडी थर येईपर्यंत तो तयार झाला असे समजू नये, कारण मध्ये काळा राहिलेला कोळसा धुरकट, उग्र वास सोडतो. राख हलकेच झटकावी. पातेले निम्मेच भरलेले असावे, म्हणजे धुराला वर जागा राहते. मधोमध स्टीलची लहान वाटी अगर कांद्याची जाड पाकळी ठेवून तीत निखारा ठेवावा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि धूर उठताच झाकण घालावे. तुपाने पेट घेतला तर घाबरू नये. झाकण पडताच ज्वाला विझते.

गरम वरणास चार-पाच मिनिटे ही मुदत योग्य आहे. दह्यातल्या कोशिंबिरीस मात्र दोनच मिनिटे द्यावीत. दह्यातील स्निग्धांश धुराचा वास चटकन शोषून घेतो आणि गार पृष्ठभागावर धूर लवकर बसतो. शिवाय तापलेली वाटी दह्याला टेकली तर तेवढे दही फुटते, म्हणून तिथे कांद्याची पाकळीच बरी. झाकण काढताना ते तिरपे न करता सरळ उचलून बाजूस घ्यावे, आतले थेंब फडक्याने पुसावेत, वाटी काढावी आणि मग अन्न ढवळावे. धूर केवळ वरच्या थरावर बसलेला असतो, त्यामुळे ढवळण्याआधी घेतलेली चव हमखास फसवते. ढवळून चाखल्यावर वास कमी वाटला, तर नवा निखारा घेऊन एक मिनिट पुन्हा धुंगार द्यावा. मुदत एकदम वाढवण्यापेक्षा हे केव्हाही श्रेयस्कर.

वाढण्यापूर्वी निखारा पाण्यात बुडवून पूर्ण विझवावा. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत धुमसता कोळसा ठेवला, तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही, आणि जिवावर बेततो.