परवा डबा परत ठेवलास ना…

अगं, परवा तू घाण्यावर आलीस, शेंगदाणा तेलाचा लिटरचा डबा उचललास, ३६० ऐकलंस आणि हळूच परत फळीवर ठेवलास. मला राग आला नाही, खरंच. दुकानात गर्दी होती म्हणून नीट बोलता आलं नाही, आणि घाईघाईत भावाबद्दल बोललं की ते भांडणासारखं ऐकू येतं. आज दुपारी घाणा बंद आहे. बस जरा, घाणीचा हिशेबच तुझ्यापुढे मांडते.

आम्ही १६ किलो दाणा घेतो. सध्या मला तो १२५ रुपये किलोने पडतो, म्हणजे २००० रुपये. तो थेट उखळात जात नाही. आधी दोघी जणी सुपात घेऊन निवडतात. काळपट, सुरकुतलेला, बुरशीची बारीकशी शंका आलेला, कीड लागलेला दाणा बाजूला. यात किलोभर तरी जातो, पावसात भिजलेला माल असला तर त्याहून जास्त. हे निवडणं कुणाला दिसत नाही, पण माझ्या मते भावातला सगळ्यात मोलाचा भाग तोच. का ते सांगते. शेंगदाण्यावर येणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला वाईट. कारखान्यात रिफाइन करताना कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते, तेल विरंजन मातीतून जातं, त्यात ते बहुतेक निघून जातं. माझ्याकडे असली कुठलीच पायरी नाही. दाण्यात जे असेल त्यातलं थोडं तेलात उतरणारच, आणि बरंचसं पेंडीत राहून गाईच्या पोटात जाणार. त्यामुळे घाण्याचं तेल चांगलं की वाईट हे लाकडावर ठरत नाही, सुपात ठरतं. कुणी तुला ‘लाकडी घाण्याचं’ म्हणून फार स्वस्तात देत असेल, तर लाट बाभळीची आहे का चिंचेची हे विचारू नकोस. दाणा दाखवा म्हण.

निवडून १५ किलो उरला. तो उखळात घालायचा आणि घाणा सुरू करायचा. लाट सावकाश फिरते, एका मिनिटात पंधरा-वीस फेरे. दाण्याचा आधी भरडा होतो, मग लगदा, मग कडेने तेल सुटू लागतं. दाणा फार कोरडा असेल तर भुगा होऊन फिरत राहतो, तेल सुटत नाही. मग वाटीभर पाण्याचा शिपका द्यावा लागतो. तो जास्त झाला की तेल गढूळ येतं आणि लवकर खवट होतं. हे हातालाच कळतं, माझ्या हाताला कळायला दोन वर्षं लागली आणि तोवर बऱ्याच घाणी बिघडल्या. एका घाणीला सव्वा ते दीड तास. उखळातून येणारं तेल हाताला कोमट लागतं, इतकंच. ‘थंड’ म्हणतात ते यालाच, बाहेरून उष्णता दिलेली नसते. कारखान्यातल्या एक्सपेलरमध्ये दाब इतका असतो की तेल चांगलं कढत निघतं, पण काम काही मिनिटांत होतं.

आता पैसे कुठे जातात बघ. १५ किलो दाण्यात सात किलोच्या वर तेल असतं. माझ्या घाण्याला त्यातलं सहा किलो मिळतं. उरलेलं किलो-सव्वा किलो पेंडीत अडकून राहतं, आमच्या लाटेची ताकद तेवढीच. एक्सपेलर यातलं निम्मं-शिम्मं अजून काढतो, आणि पेंड पुढे हेक्झेन या द्रावकात घातली की पेंडीत जेमतेम एक टक्का तेल राहतं. म्हणून माझी पेंड गवळी हातोहात नेतो, तिच्यात अजून जीव असतो ना!

सहा किलो तेल टाकीत चार दिवस निवळतं. खाली गाळ बसतो, वरचं निवळ काढायचं. हाती येतं सव्वासहा लिटर. (तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून किलोपेक्षा लिटर जास्त दिसतात, यात माझी हातचलाखी नाही.) पेंडीचे ३८० रुपये सुटतात. २००० मधून ते वजा केले की १६२०, त्याला सव्वासहाने भाग. लिटरमागे जवळजवळ २६० रुपये नुसत्या दाण्याचेच झाले. निवडणाऱ्या दोघींची आणि घाण्यावरच्या माणसाची मजुरी, वीज, भाडं, डबा हे सगळं धरून लिटरमागे ७५. झाले ३३५. मी ३६० ला देते. वरचे २५ माझे, आणि एखादी घाणी बिघडली की तेही जातात.

तू म्हणशील, मग दुकानात दीडशे-पावणेदोनशेची पिशवी कशी मिळते? अगं, ती बहुतेक सूर्यफूल, सोयाबीन नाहीतर पामची असते. कच्चा माल वेगळा, बराचसा बाहेरच्या देशातून येणारा. तिची आणि माझ्या डब्याची तुलना म्हणजे ज्वारीच्या भावात बासमती मागण्यासारखं. ती पिशवी वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याही घरात होती वर्षानुवर्षं.

आणि हे तेल औषध आहे असंही मी सांगत नाही. एका चमच्यात उष्मांक तेवढेच, पिशवीतलं असो की माझं. फरक चवीत आणि वासात आहे. वांग्याच्या भाजीला, खमंग काकडीच्या फोडणीला, भाकरीवर ठेच्यासोबत कच्चं घालायला हे घे. पुऱ्या-वडे तळायला घेऊ नकोस, न गाळलेल्या तेलाला धूर लवकर येतो, फेसही येतो. फेस आला म्हणून भेसळ समजून एक बाई डबा परत घेऊन आली होती. तो फेस तेलातच राहिलेल्या चिकट अंशाचा असतो, रिफाइन करताना आधी तोच काढतात.

चार माणसांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल धरलं, तर सगळंच माझ्याकडून घेतल्यास तुला चारशेच्या आसपास जास्त पडतील. ते जड असतील तर घेऊ नकोस, स्पष्ट सांगते. अर्धा लिटर फोडणीपुरता ने आणि तळण तुझ्या पिशवीतल्या तेलात कर. अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवलंस तर तीन महिने बिनघोर टिकतं. गॅसजवळच्या फळीवर ठेवलंस तर महिन्याभरात खवट वास मारेल, आणि मग दोष घाण्याचा नसेल.

आणखी एक वाट आहे. तुझ्या सासरी भुईमूग होतो ना? दाणा वाळवून, निवडून घेऊन ये, मी मजुरी घेऊन तुझ्यासमोर घाणी काढून देईन. तेलही तुझं, पेंडही तुझी. मंगळवारी सकाळी नऊला पहिली घाणी लागते, त्याआधी ये म्हणजे निवडायला तूही सुपाजवळ बसशील.