बँडचा मल्टीकोर: सोळा लायनी, बत्तीस कनेक्टर आणि खर्चाचा हिशेब

स्वतःचा मिक्सर घेतल्यावर ऑर्केस्ट्राचं पुढचं मोठं काम म्हणजे मल्टीकोर. स्टेजवरून मिक्सरपर्यंत बारा माइकच्या बारा वेगळ्या वायरी ओढल्या तर साउंड चेकचा अर्धा वेळ गुंता सोडवण्यातच जातो. तयार मल्टीकोर बाजारात मिळतो, पण त्यातले कनेक्टर कसे आहेत आणि आतले डाग कोणी कसे दिलेत, हे दुकानात उघडून पाहता येत नाही. म्हणून वायर आणि कनेक्टर स्वतः निवडून आणावेत आणि जोडणी भरवशाच्या कारागिराकडून करून घ्यावी, असं मी सुचवेन.

उदाहरण म्हणून मध्यम आकाराचा मराठी ऑर्केस्ट्रा घेऊ. ढोलकीला दोन माइक, ऑक्टोपॅड, बेस, गिटार, की-बोर्डचे डावे-उजवे दोन, बासरी, गायक, गायिका आणि निवेदक. या झाल्या अकरा लायनी. बारावी राखीव ठेवायची. मिक्सरकडून स्टेजकडे मॉनिटरसाठी दोन आणि मुख्य स्पीकरसाठी दोन, अशा चार लायनी परत जातात. एकूण सोळा झाल्या, म्हणजे सोळा जोड्यांची वायर पुरते. या परतीच्या लायनींतून फक्त अँप्लिफायरला किंवा पॉवर्ड स्पीकरला जाणारा सिग्नल न्यायचा. अँप्लिफायरमधून स्पीकरला जाणारा करंट मल्टीकोरमधून कधीही नेऊ नका, आतल्या तारा त्यासाठी फार बारीक असतात.

लांबी मोजताना स्टेज ते मिक्सर हे सरळ अंतर धरू नका. वायर भिंतीच्या कडेने, खुर्च्यांच्या रांगांना वळसा घालून जाते, म्हणून त्या वाटेवर टेप धरा. तीस मीटर कामाची लांबी हवी असेल तर बत्तीस घ्या. मिक्सरकडच्या टोकाला दीड मीटर बाहेरचं आवरण सोलून सोळा शेपट्या मोकळ्या करायच्या असतात आणि अर्धा मीटर स्टेजवरच्या डब्याच्या आत जातो.

आता खर्च. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या शहरातल्या दुकानाचे आकडे त्यांच्या जागी घाला. वायर ४०० रुपये मीटर धरली तर १२,८०० रुपये. स्टेजवरचा पत्र्याचा डबा १,५००. नळ्या, सोल्डर, टेप ८००. मजुरी कनेक्टरला ४० रुपये धरली तर ३२ कनेक्टरचे १,२८०. खरा फरक कनेक्टरमध्ये पडतो. साधा ८० रुपयांना आणि नावाजलेल्या कंपनीचा ३०० रुपयांना धरला, तर सगळे साधे घेऊन काम १८,९४० मध्ये होतं आणि सगळे चांगले घेतले तर २५,९८० लागतात. माझा कौल मधला आहे: शेपटीचे सोळा चांगले, डब्यावरचे सोळा साधे. हे २२,४६० मध्ये बसतं. डब्यावरचा कनेक्टर स्क्रूने पक्का बसलेला असतो. शेपटी मात्र प्रत्येक कार्यक्रमात वाकते, ओढली जाते आणि कनेक्टरच्या मानेशीच तुटते. चांगल्या कनेक्टरची पकड वायरीला तिथेच घट्ट धरून ठेवते.

डब्यावर माइकसाठी बारा फीमेल आणि परतीसाठी चार मेल एक्सएलआर लागतात, शेपटीला बरोबर उलटं. प्रत्येक जोडीला दोन तारा आणि एक उघडी शील्डची तार असते. शील्ड पिन १ ला, एका रंगाची तार पिन २ ला, दुसऱ्या रंगाची पिन ३ ला. कोणता रंग कुठे, हे कागदावर लिहून डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवा, म्हणजे पुढे दुरुस्ती करणारा अंदाज बांधणार नाही. शील्डच्या उघड्या तारेवर बारीक नळी चढवलीच पाहिजे. नाहीतर ती शेजारच्या पिनला टेकते आणि लाइन कधी चालते, कधी बंद पडते. फॉइलचा लोंबता तुकडाही तेच करतो, तो आवरणाच्या तोंडाशी कापून टाका.

नंबर छापलेली नळी डाग देण्यापूर्वी वायरीत ओवायची. कनेक्टर बसल्यावर ती आत शिरत नाही आणि मग कारागीर वरून कागदाचा टेप गुंडाळतो, जो उन्हात आणि घामात निघून जातो. नंबराच्या नळीवर पारदर्शक आकसणारी नळी चढवली की आकडा टिकतो. माइकच्या लायनींना शेपट्यांवर आणि डब्यावर फक्त आकडे असावेत, वाद्यांची नावं नकोत. परतीच्या लायनींना क, ख, ग, घ द्या, म्हणजे घाईत त्यांची माइकच्या लायनींशी गल्लत होणार नाही. वाद्यांची नावं मिक्सरच्या फेडरखाली सहज निघणाऱ्या कागदी टेपवर लिहायची, कारण बासरीवाला आला नाही तर त्या लाइनवर व्हायोलिन येतं.

क्रम एकदा ठरवला की मोडू नये. ढोलकी १ व २, ऑक्टोपॅड ३, बेस ४, गिटार ५, की-बोर्ड ६ व ७, बासरी ८, गायक ९, गायिका १०, निवेदक ११, राखीव १२. ताल डावीकडे आणि गळे उजवीकडे राहिले की ऑपरेटरचा हात न बघता गायिकेच्या फेडरवर जातो. डब्याचा १ मिक्सरच्या १ मध्येच लावायचा. एखादी लाइन मेली तर माइक डब्यावर १२ मध्ये घाला, पण मिक्सरवर बाराची शेपटी मेलेल्या लाइनच्या चॅनलला लावा. फेडरची जागा हलत नाही.

हे सगळं ठरवण्याआधी मिक्सरवरचे माइकचे एक्सएलआर मात्र मोजा. ‘सोळा चॅनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लहान मिक्सरना माइकची भोकं आठ किंवा दहाच असतात, बाकीचे चॅनल स्टिरिओ लाइनचे. की-बोर्ड डीआय बॉक्समधून आणला की त्याचा सिग्नल माइकइतका कमी होतो, मग तो लाइनच्या भोकात पुरेसा वाजत नाही. आपल्या उदाहरणात बारा माइक-प्रीअँप हवेतच.

तपासणी मल्टीमीटरने होते. प्रत्येक लाइनचा पिन १ दुसऱ्या टोकाच्या १ ला, २ हा २ ला, ३ हा ३ ला बझर वाजवतो का आणि इतर कुठल्याही पिनशी वाजत नाही ना, हे दोन्ही पाहायचं. त्या वेळी शेपटी हलवत राहा, अर्धवट डाग तेव्हाच उघडा पडतो. पिन १ ची जोडणी तुटली असेल तर फँटम लागणारा कंडेन्सर माइक मुका राहतो. २ आणि ३ ची अदलाबदल कानाला पटकन कळत नाही, कारण ती लाइन एकटी छान वाजते. की-बोर्डच्या दोन्ही लायनी मधोमध पॅन करून एकत्र वाजवा. खर्ज गायब होऊन आवाज पोकळ झाला तर दोघींपैकी एक उलटी जोडलेली आहे.

कारागिराला मजुरीतले निम्मे पैसे आधी द्या आणि उरलेले सोळाही लायनी तुमच्यासमोर मीटरवर वाजल्यानंतरच द्या. सोबत एक चांगला मेल आणि एक फीमेल कनेक्टर जादा घेऊन बॅगेत ठेवा.