रिटर्न भरले, पण दाखल झाले का?

मुदत जवळ आली की सी.ए. लोकांचे निरोप मोबाईलवर येऊ लागतात : "अमुक तारखेपूर्वी रिटर्न भरा, दंड टाळा." निरोप बरोबर असतो, पण अर्धा असतो. रिटर्न पोर्टलवर चढवल्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी, म्हणजे ई-व्हेरिफिकेशन, करावी लागते. ती राहिली तर रिटर्न भरल्याचे धरले जात नाही. व्यापारी बंधूंना हे बिल्टीवरून समजेल. गाठोडे ट्रान्सपोर्टला दिले, पण बिल्टी फाडली नाही, तर माल पाठवला असे कोण म्हणेल?

नगरच्या कापड बाजारातील एका दुकानदाराचे उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२४-२५ ची विक्री ८० लाख. त्यात ४० लाख रोख, ४० लाख बँक व यूपीआयने. कलम ४४एडीप्रमाणे रोख विक्रीवर ८ टक्के म्हणजे ३,२०,००० आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के म्हणजे २,४०,००० नफा धरला. एकूण उत्पन्न ५,६०,०००. नव्या पद्धतीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य.

त्या वर्षीची ३१ जुलै २०२५ ची मुदत वाढून शेवटी १६ सप्टेंबर झाली होती. रिटर्न १० सप्टेंबरला चढवले, म्हणजे वेळेत. पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद, ओटीपी कुठून येणार? "नंतर बघू" म्हणून राहिले. १० ऑक्टोबरला ३० दिवस संपले. पडताळणी झाली २० नोव्हेंबरला, म्हणून रिटर्नची तारीखही २० नोव्हेंबर धरली जाते. कर एक पैसा नाही, पण उत्पन्न ५ लाखांवर असल्याने लेट फी ५,००० रुपये. ५ लाखांपर्यंत असते तर १,०००.

नोकरदाराचे नुकसान याहून मोठे होऊ शकते. घरकर्ज व विम्याच्या वजावटीसाठी जुनी करपद्धत निवडणाऱ्या शिक्षकाचे रिटर्न असे उशिराचे ठरले, तर त्या वर्षी जुनी पद्धतच मिळत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मंजुरीची खात्री नाही.

तपासायचे कसे? incometax.gov.in वर लॉगिन करून e-File मध्ये View Filed Returns उघडावे. तेथे पडताळणी बाकी दिसली तर त्याच दिवशी उरकावी. आधार ओटीपी येत नसेल तर नेटबँकिंगमधून किंवा बँक खात्यावर येणाऱ्या कोडने होते. तेही जमत नसेल तर ITR-V या पावतीवर सही करून ती बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला स्पीड पोस्टाने पाठवता येते. मात्र तेथे पाकीट पोहोचल्याची तारीख धरतात, टाकल्याची नाही. म्हणून विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पोस्टाच्या भरवशावर राहू नये. आणि सी.ए.कडे कागद देतानाच विचारावे, "ओटीपी कोणत्या नंबरवर येणार?"