सामाईक खात्यातील प्रोफाइल काढताना

प्रश्न : थोरल्या बंधूंच्या नेटफ्लिक्स खात्यातील माझे प्रोफाइल, पाहिलेल्या कार्यक्रमांच्या नोंदींसह, काढून टाकायचे आहे. कसे काढावे?

उत्तर : प्रोफाइल काढले की त्याच्या नोंदी आणि आपण जमवलेली यादीही कायमची नष्ट होते; म्हणून स्वतंत्र खाते घेण्याचा आपला मानस असल्यास प्रथम बंधूंच्या संमतीने Transfer Profile या सोयीने ते सारे दप्तर नव्या खात्यात न्यावे, आणि स्थानांतरानंतरही मूळ प्रोफाइल जुन्या खात्यात शिल्लक राहते हे ध्यानी ठेवून ते Manage Profiles मधून स्वहस्ते काढावे. मात्र खाते उघडताना प्रथम निर्माण झालेले मुख्य प्रोफाइल काढता येत नाही, आणि पुष्कळ कुटुंबांत दिवाणखान्यातील टीव्हीवर आपण पाहिलेली मालिका नेमकी त्याच प्रोफाइलवर नोंदली गेलेली असते. अशा वेळी ब्राउझरमधून त्या प्रोफाइलचे Viewing activity हे पान उघडून त्या भागासमोरचे लपवण्याचे चिन्ह दाबावे, व त्यानंतर संपूर्ण मालिका लपवण्याचा जो पर्याय पुढे येतो तोही अवश्य स्वीकारावा. अन्यथा उरलेले भाग तसेच दिसत राहतात. सर्व उपकरणांवरून नोंद नाहीशी होण्यास २४ तासांपर्यंत अवधी लागू शकतो.