कागदावर वाढलेले साडेसोळा गुंठे

निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून मी फवारणीचं बिल समजावत होतो. आमचा ड्रोन एकरी दराने फवारतो आणि एकर किती ते माझा नकाशा सांगतो. आप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सातबाऱ्यावर एक हेक्टर वीस आर आहे. तुमच्या कागदावर एक हेक्टर छत्तीस. एवढं रान आमच्या आज्याला बी माहीत नव्हतं. विकताना हाच आकडा लावू का?"

मी हसलो खरा, पण बिल मागे घेतलं. त्या दिवसापासून जे शिकलो ते लिहून ठेवतोय. शेत कुणाचं ते कळू नये म्हणून कोपरे थोडे सरकवले आहेत, पण गणित खरं आहे.

1. आधी भागाकार करा, मग जीपीएसला शिव्या द्या.

माझा पहिला संशय मोबाइलच्या जीपीएसवर गेला. दुसरा, आप्पांनी ओढ्याकडची जागा दाबली असेल यावर. (हा संशय मी बोलून दाखवला नाही, बरं झालं.) संध्याकाळी त्याच तालुक्यातल्या आणखी आठ-दहा शेतांचे माझे आकडे सातबाऱ्याशेजारी मांडले आणि एकाला दुसऱ्याने भागलं. लांबट शेत असो, चौकोनी असो, वीस गुंठ्यांचं असो की चार एकरांचं, प्रत्येक ठिकाणी माझा आकडा साधारण चौदा टक्के जास्त.

चालताना होणारी चूक अशी शिस्तीत येत नाही. कुठे जास्त होते, कुठे कमी, आणि लहान शेतात टक्केवारी मोठी दिसते. सगळीकडे एकच गुणोत्तर निघालं तर समजावं, चूक शेतात नाही, नकाशाच्या कागदात आहे.

2. स्क्रीनवर दिसणारा नकाशा मोजायला नसतो.

मी मोबाइलवर टिपलेले कोपरे उपग्रहाच्या चित्रावर जोडून शेत जतन केलं होतं. चित्र वेब मर्केटरमध्ये होतं, म्हणजे `EPSG:3857`, आणि माझा थरही त्यातच जतन झाला. एकक मीटर दिसत होतं, त्यामुळे शंका आली नाही. ते मीटर मात्र फक्त विषुववृत्तावरचे मीटर असतात.

पृथ्वीभोवतीची अक्षवृत्तं उत्तरेकडे आखूड होत जातात. निफाडच्या अक्षांशावर, म्हणजे 20.08 अंशांवर, ते वृत्त विषुववृत्ताच्या सुमारे 94 टक्केच उरतं. मर्केटर त्याला ओढून विषुववृत्ताएवढं रुंद करतो. मग आकार बिघडू नये म्हणून उत्तर-दक्षिणही तेवढंच ताणतो. ताण दोन्हीकडून बसतो, म्हणून क्षेत्रफळात तो वर्गाने येतो. निफाडला तो 13.9 टक्के होतो, कोल्हापूरला साडेनऊच्या आसपास, नंदुरबारला जवळपास सोळा. आप्पांचं शेत नंदुरबारला असतं तर आणखी दोन-अडीच आर पदरात पडले असते.

क्यूजीआयएस वापरणाऱ्यांसाठी एक खूण. `area($geometry)` हे थराच्या प्रक्षेपणातच सपाट मोजतं. `$area` प्रकल्पात ठरवलेल्या लंबगोलावर मोजतं. मी पहिलं वापरलं होतं. दोन्ही आकडे शेजारी काढून पाहिले असते तर ओट्यावरची फजिती टळली असती.

3. अंश हे लांबीचं माप नाही.

आप्पांच्या शेताला पाच कोपरे. नैऋत्येचा कोपरा 20.08000 उत्तर, 74.11000 पूर्व. तो शून्य धरून बाकीचे किती पूर्वेला आणि किती उत्तरेला आहेत ते अंशाच्या लाखाव्या भागात लिहिलं: (0, 0), (110, −10), (128, 60), (70, 70), (10, 125). चौथा कोपरा आत शिरलेला दिसतो ना, तिथे ओढ्याने वळण घेतलंय.

आता बुटाच्या नाडीसारखे तिरपे गुणाकार घालायचे. एका कोपऱ्याचा पूर्वेचा आकडा गुणिले पुढच्याचा उत्तरेचा, वजा उलट. उत्तरं येतात 0, 7880, 4760, 8050 आणि 0. बेरीज 20,690, निम्मे 10,345. पण हे 10,345 कशाचे? अशा चौकटींचे, ज्यांची एक बाजू अक्षांशाचा लाखावा भाग आहे आणि दुसरी रेखांशाचा.

इथे बरेच जण अंशाला 111 किलोमीटर धरून दोन्हीकडे गुणतात. मीही एकदा तसं केलं होतं. उत्तर येतं 12,746 चौरस मीटर, सहा टक्के जास्त. निफाडला अक्षांशाचा लाखावा भाग 1.107 मीटर आहे, पण रेखांशाचा 1.046 मीटरच. चौकट चौरस नाही, आडवी थोडी अरुंद आहे. खरा गुणाकार 1.158, आणि क्षेत्र 11,979 चौरस मीटर, म्हणजे 1 हेक्टर 19.79 आर. वेब मर्केटरने दिले होते 13,650. फरक 1,670 चौरस मीटरचा, साडेसोळा गुंठ्यांचा.

4. समक्षेत्र प्रक्षेपण शेताच्या मधोमध ठेवा.

हाताने एक शेत होतं, तीनशे होत नाहीत. तेव्हा लॅम्बर्टचं दिगंशीय समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावं. योहान हाइनरिश लॅम्बर्टने ते 1772 साली मांडलं. त्याची अट एकच: नकाशावरचा प्रत्येक तुकडा जमिनीवरच्या तुकड्याएवढाच भरला पाहिजे. त्याची किंमत आकार चुकवतात, केंद्रापासून दूर गेलं की आकार चेपतो. पण केंद्र शेताच्या मधोमध ठेवलं तर चेपायला जागाच उरत नाही, क्षेत्र आणि लांबी दोन्ही चोख मिळतात.

```python
from pyproj import Transformer
from shapely.geometry import Polygon

pts = [(74.11000, 20.08000), (74.11110, 20.07990),
       (74.11128, 20.08060), (74.11070, 20.08070),
       (74.11010, 20.08125)]
laea = "+proj=laea +lat_0=20.0805 +lon_0=74.1106 +datum=WGS84 +units=m"
t = Transformer.from_crs("EPSG:4326", laea, always_xy=True)
print(Polygon([t.transform(*p) for p in pts]).area)
```

`always_xy=True` विसरू नका. ते लिहिलं की रेखांश आधी, अक्षांश नंतर. आपण बोलताना उलट बोलतो, जीपीएसही उलट दाखवतो, आणि यादी तशीच उतरवली जाते. मग निफाडचं शेत 74 उत्तर, 20 पूर्व इथे, नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडतं. केंद्रही त्याच उलट्या यादीतून काढलं असेल तर प्रोग्राम तक्रार करत नाही, मुकाट 35 आर सांगतो.

5. समक्षेत्र म्हणजे समलांबी नव्हे.

पूर्ण राज्याचा एकच थर हवा म्हणून मी काही दिवस `EPSG:6933` वापरलं. ते जगभर चालणारं दंडगोल समक्षेत्र प्रक्षेपण आहे, क्षेत्रफळ बरोबरच देतं. मग आप्पांनी तारेच्या कुंपणासाठी बांधांची लांबी विचारली आणि मी त्याच थरावरून सांगितली. पश्चिमेचा बांध 139 मीटरचा, मी सांगितला 150. दक्षिणेचा 116 चा, मी सांगितला 107. या प्रक्षेपणाचं प्रमाण 30 अंशांवर जुळवलेलं असतं, त्यामुळे आपल्याकडे पूर्व-पश्चिम आखडतं आणि तेवढंच उत्तर-दक्षिण वाढतं. गुणाकार जुळतो, बाजू जुळत नाहीत. तार आणायला जाण्याआधी लक्षात आलं, एवढंच नशीब.

6. यूटीएमवाल्यांशी भांडू नका.

आमच्यातला एक सर्वेअर म्हणाला, "कशाला एवढा खटाटोप? 43 झोन घे आणि मोज." त्याचं बरोबर आहे. आप्पांच्या शेतावर यूटीएम सात चौरस मीटर कमी देतं, खाट आणि शेळीचा खुंटा मावेल एवढं. एका गावाचं काम असेल तर मीही तेच घेईन. अडचण 78 रेखांशावर येते. अमरावती शहर 43 मध्ये, यवतमाळ 44 मध्ये. गडचिरोलीतलं शेत 43 मध्येच रेटलं तर चूक अर्ध्या टक्क्याच्या वर जाते. कोकणापासून गडचिरोलीपर्यंत एकाच नियमाने मोजायचं असेल तर प्रत्येक शेताचं स्वतःचं केंद्र धरणं मला सोपं पडतं.

7. बांधावरून चाला, बांधाच्या आतून नको.

प्रक्षेपण सुधारल्यावर मी आप्पांचं शेत पायी फिरून पुन्हा मोजलं आणि पाच गुंठ्यांच्या आसपास कमी भरलं. कारण साधं होतं. बांधावर बाभळी होत्या, म्हणून मी मीटरभर आतून चाललो. शेताचा घेर 483 मीटर. त्याला एक मीटरने गुणा, 483 चौरस मीटर, चार टक्के. सात चौरस मीटरसाठी प्रक्षेपणांवर वाद घालणाऱ्या माणसाने बाभळीपायी एवढं सोडलं होतं.

मोबाइल सगळेच कोपरे एकाच दिशेला तीन मीटर सरकवून दाखवत असेल तर क्षेत्राला धक्का लागत नाही, सगळं शेत उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं. कोपरे वेगवेगळ्या दिशांना सरकले तर चूक थोडीफार एकमेकींत जिरते. सगळेच आत किंवा सगळेच बाहेर गेले की ती जिरत नाही.

8. आकृती डोळ्यांनी पाहा.

कोपऱ्यांच्या यादीत एकदा तिसरा आणि चौथा अदलाबदल झाले. रेघा एकमेकींना छेदतील आणि प्रोग्राम ओरडेल असं मला वाटलं. छेदल्याच नाहीत. आत शिरलेला कोपरा असल्यामुळे नवी आकृतीही अगदी वैध बनली आणि 11,023 चौरस मीटर हे उत्तर आलं, साडेनऊ गुंठे कमी. तपासणीत ती पास झाली. नकाशावर टाकल्यावर मात्र पूर्वेच्या द्राक्षबागेत पाचर घुसलेली दिसली, आणि तिथे ओढा नाही हे मला माहीत होतं.

9. हे क्षेत्र आडवं असतं आणि मोजणीचं नसतं.

ही सगळी गणितं जमीन सपाट धरून होतात. दहा अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष पृष्ठभाग दीड टक्का जास्त असतो. फवारणीच्या औषधाला त्याने फारसा फरक पडत नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्रही आडवंच असतं, त्यामुळे तुलना योग्य ठरते. तुलना करताना पोटखराबा धरलाय की नाही तेवढं पाहावं. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागते, माझा कागद तिथे कामाचा नाही.

दुरुस्त बिल घेऊन पुन्हा गेलो. 11,979 चौरस मीटर, दोन एकर साडेअडतीस गुंठे. आप्पांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे अजून एकवीस मीटर कमीच की."

म्हटलं, चालण्यात तेवढा फरक पडतोच.

"न्हाय," ते ओढ्याकडे बघत म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात त्या वळणाची दरड ढासळली. तिथं मोजा बरं एकदा." आणि चपला घालून पुढे निघालेही.